हाडांची औषधं चालू आहेत आणि दाढ काढायची आहे? आधी हे वाचा

हाडं ठिसूळ झाली म्हणून घरात कुणाला तरी आठवड्याची एक गोळी, वर्षातून एकदा सलाईन किंवा दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन चालू असतं. मग एक दिवस दाढ ठणकायला लागते. दातांच्या दवाखान्यात ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर उत्तर मिळतं, ‘बीपीची आणि थायरॉइडची.’ वर्षापूर्वी टोचून घेतलेली सलाईन कुणाच्या ध्यानातही नसते, कारण ती रोजच्या डबीत नसते.

याच्या उलट टोकाची माणसंही असतात. या औषधांनी जबड्याचं हाड मरतं असं कुठून तरी ऐकतात आणि औषधच बंद करून टाकतात. माझ्या मते नुकसान यांचंच जास्त होतं. का, ते चौथ्या पायरीत सांगते. मी डॉक्टर नाही. मावशीच्या दाढेच्या निमित्ताने हाडांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांच्यात फेऱ्या मारल्या, तेव्हा जे नीट समजून घेतलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी औषध नेमकं कुठलं ते शोधा

दुकानातलं नाव सोडा. गोळीच्या पाकिटावर किंवा इंजेक्शनच्या खोक्यावर बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. नावाच्या शेवटी ‘ड्रोनेट’ किंवा ‘ड्रोनिक ॲसिड’ असेल तर ते बिस्फॉस्फोनेट. ॲलेंड्रोनेट साधारण आठवड्याला एक गोळी, ७० मिलिग्रॅमची. आयबॅन्ड्रोनेट महिन्याला एक. झोलेड्रोनिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची सलाईन वर्षातून एकदा. दुसरं औषध डेनोसुमॅब. ते ६० मिलिग्रॅमचं, दर सहा महिन्यांनी दंडात, मांडीत किंवा पोटाच्या कातडीखाली टोचतात. ते बिस्फॉस्फोनेट नाही, पण जबड्याच्या बाबतीत त्याच यादीत येतं.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व या यादीत नाहीत. रोज पेनने टोचायचं टेरिपॅराटाइडही नाही.

मात्रा का बघायची तेही सांगते. हीच औषधं कॅन्सर हाडांत पसरल्यावर किंवा मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात, पण तिथे झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी जातं आणि डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. नाव तेच असलं तरी वर्षभरात अंगात जाणारं औषध दहा-बारा पट होतं आणि धोकाही त्याच प्रमाणात वेगळा असतो. हा लेख मुख्यतः ठिसूळ हाडांच्या रुग्णांसाठी आहे. कॅन्सरचा रुग्ण असेल तर तिसरी पायरी वाचा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका.

२. धोका केवढा, आणि जबड्यालाच का

आपलं हाड सतत मोडतं आणि नव्याने बांधलं जातं. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही पेशी त्या जागी नवं भरतात. ही औषधं खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतात, म्हणून मणक्याचं आणि खुब्याचं हाड टिकतं. पण दात काढल्यावर जो खड्डा उरतो तो भरून यायला आधी मेलेलं, दुखावलेलं हाड साफ व्हावं लागतं. भिंतीचा सुटलेला गिलावा न खरवडता वरून नवा थापला तर तो धरत नाही, तसंच हे. त्यात तोंडात कायम जंतू, हाडावर हिरडीचा जेमतेम पातळ थर आणि चावण्याचा रोजचा ताण. म्हणून मांडीचं हाड सुखरूप राहतं आणि जबड्याचं उघडं पडतं. खालच्या जबड्यात हे वरच्यापेक्षा जास्त होतं.

आता आकडे. ठिसूळ हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्या १०,००० माणसांत साधारण २ ते ५ जणांना हा त्रास होतो. त्यातल्या कुणाचा दात काढला तर प्रमाण वाढतं, तरी ते १,००० मागे एक-दोनच्या आसपास राहतं. डेनोसुमॅब चालू असताना दात काढला तर धोका त्याहून जास्त, शंभरात एकाच्या घरात धरतात. कॅन्सरच्या मात्रेत मात्र दात न काढताही शंभरात काही जणांना हे होतं.

काही गोष्टींनी हा धोका वाढतो. गोळ्या चार-पाच वर्षांपेक्षा जास्त काळ चालू असणं, सोबत स्टेरॉइड असणं, आटोक्यात नसलेली साखर, तंबाखू किंवा मिश्री, आणि टोचणारी कवळी. मिश्रीचं मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आपल्या आज्या सरळ ‘नाही’ म्हणतात.

३. औषध अजून सुरू व्हायचं असेल तर

हे सगळ्यात सोपं आणि नेमकं हेच राहून जातं. हाडांच्या डॉक्टरांनी सलाईन किंवा इंजेक्शन लिहून दिलं की ते घेण्याआधी दातांची तपासणी आणि पूर्ण जबड्याचा एक्सरे, म्हणजे ओपीजी, करून घ्या. जे दात वाचणारच नाहीत ते आधी काढा. खड्ड्यावर हिरडी पूर्ण झाकली जायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यानंतर औषध सुरू करा. खुब्याचं हाड नुकतंच मोडलेलं असेल तर हाडांचे डॉक्टर एवढं थांबू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कॅन्सरच्या रुग्णाला मात्र ही तपासणी चुकवू देऊ नका. कवळी असेल तर ती खालच्या जबड्याला आतून, जिभेच्या बाजूला, कुठे घासते का ते बघायला सांगा. तिथे हाडावरची कातडी फारच पातळ असते.

४. दात काढायचाच आहे का, आणि कधी

पहिला प्रश्न, दात वाचेल का. रूट कॅनालने भागत असेल तर रूट कॅनाल करा, त्यात हाडाला हात लागत नाही. दाताचा वरचा भाग पार किडला असेल तरी एक मार्ग उरतो. मुळांचं रूट कॅनाल करून वरचा भाग हिरडीपर्यंत कापतात आणि मुळं जागेवरच ठेवतात. दिसायला बरं नाही, पण कॅन्सरची मात्रा चालू असलेल्यांसाठी हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा.

मात्र ‘धोका आहे म्हणून काढायचाच नाही’ असं करून पू झालेला दात महिनोन्महिने तोंडात ठेवणंही चूक. साचलेला जंतुसंसर्ग स्वतःच आजूबाजूचं हाड खराब करतो. दात काढल्यावर उघडं पडलेलं हाड कित्येकदा आधीपासूनच बिघडलेलं असतं, असं आता मानतात.

आता वेळेचा प्रश्न. इथे दोन औषधांचे नियम अगदी वेगळे आहेत आणि गोंधळ होतो तो इथेच.

बिस्फॉस्फोनेट हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून दात काढण्याआधी पंधरा दिवस किंवा महिनाभर गोळी बंद करण्यात फारसा अर्थ नाही. काही सर्जन जुन्या प्रथेप्रमाणे दोन-तीन महिने थांबवायला सांगतात, पण २०२२ सालच्या अमेरिकन मुखशल्यचिकित्सकांच्या मार्गदर्शनातही यावर एकमत झालेलं नाही. थांबवायचं की नाही हे हाडांच्या डॉक्टरांनी ठरवावं. वर्षाची सलाईन जवळ आली असेल तर साधारणपणे आधी दात काढून, हिरडी झाकली गेल्यावर सलाईन घेणं सोयीचं. तीही तारीख त्यांनाच विचारून ठरवा.

डेनोसुमॅब हाडात साठत नाही. सहा महिने उलटले की त्याचा परिणाम ओसरतो, आणि नुसता ओसरत नाही तर उसळी मारतो. इतके दिवस दाबून ठेवलेल्या खरवडणाऱ्या पेशी एकदम जोमाने कामाला लागतात. शेवटच्या इंजेक्शनला सात महिने होऊन गेले की मणके मोडण्याचा धोका वाढतो, आणि एकाच वेळी दोन-तीन मणके मोडलेलेही दिसतात. म्हणून ‘दात काढायचा आहे, इंजेक्शन चुकवा’ हा सल्ला कुणीही दिला तरी हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पाळू नका.

मावशीचंच उदाहरण घ्या. वय ७२, एक मणका आधी मोडलेला, डेनोसुमॅब चालू. शेवटचं इंजेक्शन १२ जानेवारीला, म्हणजे पुढचं १२ जुलैला. फेब्रुवारीच्या शेवटी उजवीकडची खालची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी बारीक सळईने हिरडीची खोली मोजली तेव्हा दाढेभोवती सगळीकडे ती दोन-तीन मिलिमीटर जात होती आणि एकाच ठिकाणी सरळ खाली आठपर्यंत गेली. मूळ उभं तडकल्याची ही खूण. अशा दाढेला रूट कॅनालचा उपयोग नसतो. हाडांच्या इंजेक्शनची फाईल पुढे ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘मग मावशी, इंजेक्शन बंद करा, वर्षभराने बघू.’

हाडांच्या डॉक्टरांनी याला साफ नकार दिला आणि कॅलेंडर समोर ठेवून हिशोब मांडला. इंजेक्शनला तीन ते चार महिने झाले की त्याचा जोर उतरणीला लागलेला असतो, दात तेव्हा काढायचा. म्हणजे १२ एप्रिल ते १२ मे. त्यानंतर पुढच्या इंजेक्शनआधी जखमेला निदान सहा ते आठ आठवडे मिळायला हवेत. दाढ २० एप्रिलला काढली तर आठ आठवडे १५ जूनला पूर्ण होतात आणि १२ जुलैचं इंजेक्शन ठरल्या दिवशी देता येतं. एकही दिवस पुढे ढकलावं लागत नाही. मधल्या काळात दाढ वरून उघडून पू काढून दिला आणि प्रतिजैविकाचा कोर्स दिला, त्याने ठणका उतरला. ताप आला असता, सूज गळ्याकडे उतरली असती किंवा तोंड उघडेनासं झालं असतं, तर मात्र कॅलेंडर बाजूला ठेवून लगेच दाढ काढावी लागली असती.

तुमच्या तारखा घालून हाच हिशोब कागदावर मांडा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा. दोघं एकमेकांशी फोनवर बोलले तर उत्तमच. मावशीच्या बाबतीत हाडांच्या डॉक्टरांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली, तेवढ्यावर काम झालं.

५. जाताना सोबत काय न्यायचं

- हाडांच्या औषधाचं पाकीट, किंवा इंजेक्शनच्या खोक्यावरची चिकटपट्टी, किंवा तिचा फोटो
- औषध कधीपासून चालू आहे आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला, हे एका कागदावर. पूर्वी घेऊन बंद केलेली औषधंसुद्धा, कारण बिस्फॉस्फोनेट बंद करून दोन वर्षं झाली तरी हाडात असतं
- हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी: औषध कशासाठी, पुढचा डोस कधी, पुढे-मागे करायला किती वाव आहे
- रोजच्या सगळ्या गोळ्यांची यादी. स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारी गोळी ठळक लिहा
- मधुमेह असेल तर अलीकडचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट
- ओपीजी, जुना असेल तर तोही

काही ठिकाणी ‘सीटीएक्स’ नावाची रक्ततपासणी करायला सांगतात. तिच्यावरून कुणाचं हाड उघडं पडेल हे सांगता येत नाही, आणि सध्याची मार्गदर्शक तत्त्वंही तिच्यावर निर्णय घ्यायला सांगत नाहीत. पैसे वाचवा.

६. दात काढायच्या दिवशी

ठिसूळ हाडांचा रुग्ण असेल आणि औषध सुरू होऊन फार वर्षं झाली नसतील, तर नेहमीचे दातांचे डॉक्टर हे काम करू शकतात. सोबत स्टेरॉइड असेल, औषध पाच वर्षांपेक्षा जास्त चाललं असेल किंवा पूर्वी जबड्याचा त्रास झाला असेल, तर मुखशल्यचिकित्सकाकडे जा. कॅन्सरच्या मात्रेला तर त्यांच्याकडेच.

डॉक्टरांशी तीन गोष्टी आधी बोलून घ्या. हाड कमीत कमी दुखवायचं, म्हणजे दोन मुळांची दाढ एका झटक्यात उपसण्याऐवजी मधून कापून एकेक मूळ वेगळं काढायचं. खड्ड्याच्या टोकदार कडा घासून गुळगुळीत करायच्या. आणि टाके घालून हिरडी शक्य तितकी जवळ आणायची. बरेच दात काढायचे असतील तर सगळे एकदम नकोत. आधी एका बाजूचे काढा, ती जखम भरते का बघा, मग पुढचे.

प्रतिजैविक द्यायचं की नाही यावर देशोदेशीची मतं वेगळी आहेत. स्कॉटलंडच्या मार्गदर्शनात या धोक्यापोटी सरसकट प्रतिजैविक देऊ नये असं आहे, आपल्याकडे बहुतेक डॉक्टर देतात. त्यावरून वाद घालू नका. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या मात्र जवळजवळ सगळेच सांगतात. पहिल्या २४ तासांत गुळणी करायची नाही, खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते.

७. पुढचे आठ आठवडे

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक दुखायला लागून कानापर्यंत कळ जाऊ लागली तर बहुधा रक्ताची गाठ निघून गेली असते. हा त्रास कुणालाही होतो, एक-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि डॉक्टर त्यावर औषधाची वात ठेवतात. जबड्याचं हाड मरण्याशी त्याचा घोळ घालू नका.

आपल्याला शोधायचंय ते वेगळंच. आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात, मोबाइलच्या टॉर्चने, जखमेचा फोटो काढा. दरवेळी त्याच कोनातून. खड्डा हळूहळू आक्रसत गुलाबी होत गेला पाहिजे. चौथ्या आठवड्यात मावशीचा खड्डा मुगाच्या दाण्याएवढा उरला होता, आणि ते चार फोटो बघून डॉक्टरांना बाकी काही विचारावं लागलं नाही. तळाशी पिवळसर किंवा राखाडी-पांढरं, टणक, न हलणारं काही दिसलं तर ते हाड असू शकतं. अन्नाचा कण असेल तर गुळणीने निघतो, हाड निघत नाही. काडीने किंवा टाचणीने उकरून बघायचं नाही. आणखी एक, उघडं हाड सुरुवातीला दुखतच असं नाही. ‘दुखत नाही म्हणजे बरं आहे’ असं म्हणून आठव्या आठवड्याची तपासणी टाळू नका. मावशी टाळणारच होती.

पू, तोंडाला न जाणारी दुर्गंधी, शेजारचे दात अचानक हलायला लागणं, हिरडीवर पुन्हा पुन्हा येणारी पुटकुळी, यांपैकी काहीही दिसलं तर आठ आठवड्यांची वाट बघू नका. खालच्या ओठाचा अर्धा भाग किंवा हनुवटी बधिर झाली तर दुसऱ्याच दिवशी जा. भुलीचं इंजेक्शन उतरायला काही तास लागतात. दिवस उलटले तरी बधिरपणा राहिला तर तो भुलीचा नव्हे.

८. हाड उघडं पडलंच तर

आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडं असेल, किंवा हिरडीच्या छिद्रातून सळई हाडापर्यंत जात असेल, रुग्णाने ही औषधं घेतलेली असतील आणि जबड्याला कधी रेडिएशन दिलेलं नसेल, तर डॉक्टर या आजाराचं निदान करतात. मग जवळच्या दवाखान्यात दर आठवड्याला तो खड्डा खरवडून घेत बसू नका. मुखशल्यचिकित्सा विभाग असलेल्या ठिकाणी जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तो आहे आणि खर्च आवाक्यातला असतो.

उपचार टप्प्यावर ठरतात. उघडं हाड असून दुखत नसेल आणि पू नसेल तर गुळण्या, स्वच्छता आणि देखरेख. दुखत असेल, पू असेल तर सोबत प्रतिजैविक. मेलेला तुकडा सुटा होऊन हलायला लागला की तो काढून टाकतात आणि वर हिरडी शिवतात. हाड जबड्याच्या कडेपर्यंत किंवा वरच्या सायनसपर्यंत गेलं असेल तर मोठी शस्त्रक्रिया लागते.

यातही हाडांच्या औषधाचं पुढे काय, हा प्रश्न उरतोच. डेनोसुमॅब थांबवायचं ठरलं तर त्याच्या जागी दुसरं काय द्यायचं हे सात महिने व्हायच्या आत ठरलं पाहिजे. म्हणून मुखशल्यचिकित्सकाकडून निघताना कागदावर लिहून घ्या: पुढचा डोस घ्यायचा की नाही, आणि नाही तर हाडांच्या डॉक्टरांना कोणत्या तारखेआधी भेटायचं.